बासरी नको

टिपणीसांची नव्या माणसाशी ओळख करून दिली की ते नमस्कार करायच्या आधी विचारायचे, "घरी टेप आहे? एका स्पीकरचा की दोन?" समोरच्याला वाटायचं, हे विकायला आलेत. पण विकायचं काही नव्हतं. टिपणीस आमच्या नौपाड्यातल्या ऑफिसात बिलं तपासायचे, डोंबिवलीला एकटे राहायचे आणि माणसांना औषधासारख्या कॅसेट भरून द्यायचे. कुणाचं लग्न मोडलं, कुणाचा मुलगा नापास झाला की रविवारी टिपणीस डेकसमोर बसलेच.

त्या वर्षी हेडक्लार्कची जागा म्हात्रेला मिळणार असं सगळे धरून चालले होते, आणि म्हात्रेही. मुंबईला मुलाखती झाल्या आणि नाव लागलं भलत्याचंच. बाळकुमचा हा गडगडाटी हसणारा माणूस खिडकीकडे तोंड करून एकट्याने डबा खायला लागला. कुणी "वाईट झालं रे" म्हटलं की डबा अर्धाच बंद करायचा. पुढे तर बदलीचा अर्ज देतो म्हणाला.

"रविवारी या," टिपणीस मला म्हणाले. "पॉजचं बटण दाबायला माणूस हवा."

मी जाताना गाणी ठरवून गेलो होतो. पहिलं सुचवलं, खचू नकोस, उठ, पुढे चल अशा अर्थाचं.

"म्हणजे तू खचलास हे आम्ही बघितलं, असं त्याला कळवायचं? नको."

दुसऱ्यात अंधार, वाट आणि दिवा होता. त्यांनी मान हलवली. तिसऱ्याची नुसती सुरुवात ऐकून म्हणाले, "बासरी! बासरी नको. बासरी ऐकली की माणसाला वाटतं, आपल्या घरी कुणीतरी भेटायला आलंय आणि आवाज बारीक करून बोलतंय."

"मग त्याचं आवडतं तरी भरा. त्याला ते नाखव्याचं गाणं..."

"ते तर मुळीच नाही. या दिवसांत ऐकलं तर ते याच दिवसांना चिकटेल. जन्मभर ऐकवणार नाही त्याला."

सुरुवातीला त्यांनी ठसठशीत ढोलकीचं, जरा रागीट गाणं घेतलं. एकदम धांगडधिंगा लावला तर रागावलेला माणूस टेपच बंद करतो, म्हणून आधी त्याच्या चालीनं चालायचं. मग हळूहळू लय वाढवायची. मग मासळीच्या भावावरून भांडणाऱ्या नवराबायकोचं गाणं. शेवटी साधंसुधं, ऐकून झाल्यावर उठून चहा टाकावासा वाटेल असं. दोन गाण्यांत फट राहिली की माणूस तिथे विचार करत बसतो, म्हणून पॉज दाबायला मला जरा उशीर झाला तरी ते पुन्हा मागून भरायला लावायचे. माझा अंगठा सुजायची वेळ आली. कॅसेटवर नाव घालायचं नव्हतं. दुसरी बाजू कोरी ठेवली.

सोमवारी ती म्हात्रेच्या टेबलावर ठेवून टिपणीस कोरडेपणानं म्हणाले, "माझ्या डेकचं हेड घासलंय वाटतं. घरी जरा लावून बघ, आवाज फाटतो का."

"मला काय समजतंय त्यातलं?"

"फाटला तर फाटला म्हण."

शुक्रवारी म्हात्रे डबा घेऊन आमच्या टेबलाशी आला. "टिपणीस, आवाज नाय फाटत तुमचा. पण ते मासळीचं गाणं लागलं आणि आमची बायको हसत सुटली. सारखी तेच लावतेय. म्हणते, हे आपलंच भांडण आहे." आणि तो स्वतःच गडगडाटी हसला. बदलीच्या अर्जाचं पुन्हा नाव निघालं नाही.

त्या दिवशी डबा खातानाच आस्थापना विभागाच्या सुलभाबाई सहज म्हणाल्या, "टिपणीसांचं तरी नाव लागायला हवं होतं हो. मुलाखतीला तिघंच तर होते."

आम्ही टिपणीसांकडे बघितलं. मुलाखतीच्या दिवशी त्यांनी डेक दुरुस्तीसाठी रजा घेतोय असं सांगितलं होतं. ते लोणच्याची फोड बाजूला काढत होते.

"भाजी छान झालीय," ते म्हणाले.

पुढच्या सोमवारी म्हात्रेनं तीच कॅसेट टिपणीसांच्या टेबलावर ठेवली.

"टिपणीस, आमच्या टेपचं हेड घासलंय वाटतं. दुसऱ्या बाजूला थोडं भरलंय. घरी जरा लावून बघा, आवाज फाटतो का."

टिपणीसांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. स्वतःचीच युक्ती समोर आलेली त्यांना कळली नसेल असं नाही.

"बासरी आहे का?"

"नाय. आमच्या आत्या आहेत. पुतणीच्या हळदीला गात होत्या. मधे कोंबडा ओरडतो."

"फटी?"

"फटी कुठल्या? आत्या थांबतात कुठे!"

टिपणीसांनी कॅसेट बॅगेत न ठेवता शर्टाच्या खिशात ठेवली आणि दिवसभर बिलं तपासताना मधूनमधून खिसा चाचपत राहिले. इतक्या लोकांना कॅसेट दिलेल्या या माणसाला आजवर कुणी एकही दिली नव्हती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

ती कॅसेट परत आली नाही. ते रिटायर झाले त्या दिवशी निरोपाच्या चहाला म्हात्रेनं विचारलं, "टिपणीस, आवाज फाटतो का, सांगितलं नाय तुम्ही."

"घाई करू नकोस," टिपणीस म्हणाले. "अजून तपासतोय."