मोडलेल्या बाकाची बँक

शाखेतले सगळे त्याला शब्दकोश म्हणत आणि त्याला ते मनापासून आवडे. सहायक व्यवस्थापक असे कितीतरी असतात. पण बँकेच्या दारात फळा लावून दर सोमवारी एका शब्दाचं मूळ खडूने लिहिणारा तो एकटाच होता!

"लोक वाचतात का तरी?" बायकोने एकदा जेवताना विचारलं.

"वाचतात म्हणजे? पाठ करतात!" तो छाती फुगवून म्हणाला. "बघच तू. या शाखेतला एकेक ग्राहक पंडित होऊन बाहेर पडेल."

तीन सोमवारांत फळ्यावर तीन शब्द झाले होते. पहिला 'बँक': इटलीतले पैसे बदलून देणारे बाजारात ज्या बाकावर बसत, तो 'बांको'. दुसरा 'कॅश': 'कास्सा', म्हणजे पैशाची पेटी. तिसरा 'बँकरप्ट': 'बांका रोत्ता', म्हणजे मोडलेला बाक. सावकाराला लोकांचे पैसे परत करता आले नाहीत की त्याचा बाक चारचौघांत मोडून टाकत, अशी गोष्ट सांगतात. ती खरीच घडली की नाही याबद्दल जाणकारांना शंका आहे, हेही त्याला लिहायचं होतं. पण फळ्यावर जागा संपली.

मग त्याच्या डोक्यात आलं की दारातून आत येताच दिसेल असा एक खराखुरा बाक ठेवावा, आणि त्याला पाटी लावावी: 'इथून बँक सुरू झाली.' व्यवस्थापक मॅडमनी कपाळाला हात लावून परवानगी दिली. मिस्त्रीने चांगला आठ फुटी सागवानी बाक केला आणि गुरुवारी सकाळी दहाला हातगाडीवरून आणला.

शब्दकोशाने बाकाच्या शब्दाचा पार मुळापर्यंत शोध घेतला होता. दाराचं माप तेवढं घेतलं नव्हतं!

बाक उभा घातला, छताला अडला. आडवा घातला, लोखंडी जाळीच्या वळणावर अडला. तिरका घातला तर रखवालदारच आत अडकला.

"साहेब, मधोमध कापतो," मिस्त्री म्हणाला. "आत नेऊन खुंट्या ठोकून जोडतो. कळणारही नाही."

"कापा, कापा!" शब्दकोश पायरीवर उभा राहून ओरडला. "लवकर उरका!"

करवत चालू झाली. समोर दार उघडण्याची वाट पाहत पंधरा-वीस ग्राहक उभे होते. त्यांच्या डोक्यावर फळा होता, फळ्यावर 'मोडलेला बाक' होता, आणि डोळ्यांसमोर बँकेचाच अधिकारी बँकेचाच बाक तोडून घेत होता.

रांगेच्या शेपटाशी निवृत्त पोस्टमास्तर होते. त्यांनी फळा वाचला. बाकाकडे पाहिलं. पुन्हा फळा वाचला.

"अरे देवा," ते म्हणाले, "बुडाली!"

साडेदहाला दार उघडलं तेव्हा रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती. अकराला ती कोपरा वळली. प्रत्येकाच्या हातात पैसे काढायची चिठ्ठी! मॅडमनी शब्दकोशाला केबिनमध्ये बोलावलं.

"पेटीत आहे ते तीनपर्यंत कसंबसं पुरेल," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मुख्य कचेरीतून रोकड यायला चार वाजतील. मधल्या तासात एकालाही 'नंतर या' म्हणावं लागलं, तर शाखा खरंच बसेल. तुम्ही पेटवलंय, तुम्हीच विझवा!"

शब्दकोश केबिनबाहेर आला आणि आत आणून टाकलेल्या अर्ध्या बाकावर चढला.

"मंडळी, घाबरू नका! तुमच्या पासबुकात 'क्रेडिट' लिहिलेलं असतं ना? मूळ शब्द 'क्रेदितो'. म्हणजे विश्वासाने सोपवलेलं. पासबुक हा बँकेच्या वहीचा उतारा. तुम्ही विश्वास टाकून पैसे दिलेत, म्हणून तुमच्या नावापुढे क्रेडिट! आणि 'डेबिट' म्हणजे देणं. तुम्ही पैसे काढलेत की आम्ही तुमचं जे देणं लागतो ते तेवढं कमी होतं."

"थांबा," पोस्टमास्तर म्हणाले. "म्हणजे आमचे पैसे जमा आहेत, याचा अर्थ बँक आमची देणेकरी आहे?"

"अगदी बरोबर!"

रांगेत आणखी वीस माणसं आली.

"मग आमचे पैसे त्या पेटीत आहेत ना? त्या कास्सात?"

शब्दकोश खोटं बोलू शकत नव्हता. शिक्षणाचा शाप! "सगळे नाहीत. पेटीत रोजच्यापुरते. बाकीचे आम्ही कर्जाऊ दिलेत. तेही क्रेडिटच, फक्त तिथे विश्वास आम्ही टाकलाय."

आता रांग राहिलीच नाही. गर्दी झाली. त्या गर्दीत कापडी पिशवी घेऊन उभ्या असलेल्या बाई त्याला ओळखीच्या वाटल्या. त्याची स्वतःची बायको!

"तू?"

"मग काय करू? तुम्हीच नाही का जेवताना सांगितलंत, बाक मोडला की बँक बुडाली म्हणून? शेजारणीने सांगितलं बाक तोडतायत. पाठ होतं मला!"

बायकोसुद्धा विश्वास काढून घेतेय म्हटल्यावर उरलं काय? शब्दकोशाला खरंच रडू येऊ लागलं.

तेवढ्यात खुंट्या आणायला गेलेला मिस्त्री परत येऊन आत शिरला आणि गर्दी बघून चक्रावला. काय झालं ते त्याने ऐकून घेतलं, आणि तो भडकला.

"मोडलाय? माझा बाक मोडलाय?" त्याने बाहेरचा तुकडाही आत ओढून आणला. "हे बघा. मोडलेल्या लाकडाच्या चिरफळ्या निघतात. ही कड बघा, हात फिरवा! दार अरुंद म्हणून कापलाय. माप यांनी घेतलं नाही, आणि नाव माझं खराब?"

त्याने सर्वांसमोर भोकं पाडली, खुंट्या ठोकल्या, बाक उभा केला आणि स्वतः त्यावर धाडकन बसला. बाक हूं की चूं करेना. मग त्याने खिशातून मजुरीचे पैसे काढून केबिनच्या दारात उभ्या असलेल्या मॅडमना दिले. "हे माझ्या खात्यात टाका. घरी ठेवून काय करू?"

पोस्टमास्तर बाकाच्या कडेवर हात फिरवत होते. मग ते मिस्त्रीशेजारी टेकले आणि हातातली चिठ्ठी फाडत म्हणाले, "बाक पक्का आहे."

शब्दकोशाच्या व्याख्यानाने जे झालं नाही ते एका सुताराच्या बसण्याने झालं. तिसरा बसला, चौथी बसली. ज्यांनी पैसे काढले होते ते आधीच घाबरले होते, एवढी रक्कम घेऊन घरी कसं जायचं म्हणून. ते उलट जमा करायच्या रांगेत शिरले. बायको शेवटी आली. पिशवीची घडी करत म्हणाली, "जाऊ दे. टाकला विश्वास."

शब्दकोशाच्या जिवात जीव आला. इतकं हलकं त्याला लग्नानंतर कधी वाटलं नव्हतं! मॅडमनी फळा स्वतःच्या हाताने पुसला आणि खडू कुलपात ठेवला. त्याचंही त्याला वाईट वाटलं नाही.

संध्याकाळी घरी चहा पिताना बायको घराच्या कर्जाचे कागद चाळत होती.

"अहो, यावर 'मॉर्गेज' लिहिलंय. याचं मूळ काय?"

शब्दकोशाचा कप ओठांपाशी थांबला. शब्द जुन्या फ्रेंचमधला. 'मॉर' म्हणजे मेलेलं, 'गाज' म्हणजे गहाण. मेलेलं गहाण! हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. पण बायकोच्या हातात कागद होते, आणि कापडी पिशवी अजून खुंटीवरच लटकत होती.

"माहीत नाही गं," तो म्हणाला आणि आयुष्यात पहिल्यांदाच गप्प बसून चहा प्यायला.