बाबांचा गुडघा आणि शहाणी मोटर

बाबांनी गुडघ्याच्या ऑपरेशनला एक अट घातली होती. बोअरची मोटर चालू करायला बांधावरून लंगडत स्टार्टरच्या पेटीपर्यंत जायचं, टाकी भरली की बंद करायला पुन्हा जायचं, हे काम त्यांच्याशिवाय कोण करणार? "मोटर आठवडाभर आपली आपण चालली, तर मी दवाखान्यात जातो," असं त्यांनी जाहीर केलं. असं काही होणार नाही याची त्यांना खात्री होती. पण मुलगी इंजिनीअर झाली होती आणि स्वभावानं वडिलांवरच गेली होती, म्हणजे पक्की हट्टी होती.

रजा टाकून ती आली ती लेव्हल कंट्रोलरचा डबा घेऊनच. टाकीच्या झाकणाला भोकं पाडून तिनं तीन सेन्सर वायरींनी आत सोडले, प्रत्येक वेगळ्या उंचीवर. बाबा खाली खुर्चीवर बसून देखरेख करत होते.

"तीन कशाला? एकात भागत नाही?"

"सगळ्यात खालचा कायम पाण्यात राहतो. पाणी मधल्याच्या खाली गेलं की मोटर चालू, वरच्याला टेकलं की बंद. एकाच उंचीवर दोन्ही कामं ठेवली, तर पाणी जरा हललं तरी मोटर चालू-बंद, चालू-बंद करत बसेल आणि स्टार्टरची वाट लागेल."

"पाणी टेकलं हे त्याला कळतं कसं?"

"पाण्यातून अगदी थोडा करंट जातो."

"म्हणजे आम्ही आता करंट प्यायचा?"

"अहो, नखभर असतो तो. आईच्या चहाला जास्त करंट असतो."

"चहाला नावं ठेवायची नाहीत," दोरीवर कपडे वाळत घालता घालता आई म्हणाली.

बोअरमध्येही तिनं तसेच सेन्सर सोडले. आतलं पाणी फार खाली गेलं, तर मोटर कोरडी फिरून जळू नये, थांबावी, आणि पाणी वर आलं की पुन्हा सुरू व्हावी, यासाठी. मग कंट्रोलरची वायर स्टार्टरच्या कॉइलला जोडून तिनं स्विच ऑटोवर टाकला. मोटर सुरू झाली, टाकी काठोकाठ भरायच्या आत थांबली. आईनं टाळ्या वाजवल्या. बाबांनी गुडघा चोळला.

पुढचे काही दिवस मोटर शहाण्यासारखी वागली आणि बाबांचं तोंड उतरत गेलं. मग एका सकाळी ते अंगणातूनच आनंदानं ओरडले, "इंजिनीअरबाई, टाकी वाहतेय!"

खरंच, वाहून जायच्या पाइपातून धो धो पाणी पडत होतं. ती पेटीकडे धावली. टाकी भरल्याचा दिवा लागलेलाच नव्हता. ती बघत असतानाच मोटर थांबली, पण टाकी भरली म्हणून नव्हे, तर बोअरमधलं पाणी संपत आलं म्हणून. थोड्या वेळानं बोअरला पाणी आलं, मोटर इमानेइतबारे सुरू झाली आणि टाकी पुन्हा वाहू लागली.

"थांबतेय, चालतेय, वाहतेय," बाबा म्हणाले. "छान केलंस हो. ऑपरेशन रद्द."

रजा संपत आली होती, आणि ती गेली की बाबा पुन्हा तोच गुडघा ओढत बांधावरून जाणार होते. तिनं पेटीतच वरच्या सेन्सरची वायर सगळ्यात खालच्या सेन्सरच्या वायरीला टेकवून पाहिली. भरल्याचा दिवा लागला, मोटर तत्काळ बंद. म्हणजे कंट्रोलर ठीक होता आणि गडबड टाकीवर होती.

शिडी लावून ती वर गेली. वरच्या सेन्सरची वायर कोणीतरी चांगली वीतभर वर ओढली होती आणि ती सरकू नये म्हणून कपड्यांचा निळा चिमटा लावला होता. आता सेन्सर पाइपाच्या तोंडाच्याही वर लटकत होता. पाणी त्याला टेकण्याआधीच बाहेर पळत होतं.

"हा चिमटा कोणी लावला?" तिनं खाली येऊन विचारलं.

आईनं तोंड उघडलं, पण बाबा चपळ निघाले. "मी."

"तुम्ही? शिडीवर चढून?"

"मग! चढलो, लावला, उतरलो. आता सांग, असल्या गुडघ्याला कसलं ऑपरेशन?"

"बरं. मग काढाही तुम्हीच."

बाबांनी दोघींकडे पाहिलं आणि शिडीला हात घातला. पहिली पायरी रुबाबात गेली. दुसरीला ते पुटपुटले. तिसरीवर त्यांनी डोळे मिटून शिडीला मिठी मारली आणि तिथेच थांबले.

"अहो, उतरा!" आई रडकुंडीला आली. "मी लावला तो चिमटा! तुम्ही मोटर बंद करायला विसरायचात, म्हणून पाइपाखाली माझे टोमॅटो जगायचे. हा डबा बसवल्यापासून टाकी वाहतच नव्हती, वाळून चालले होते बिचारे."

"अगं आई, सांगायचंस की! तिथे एक नळ काढून दिला असता."

"नळाचं नंतर बघा," वरून बारीक आवाज आला. "मला खालीही येता येईना आणि वरही जाता येईना."

मुलीनं शिडी घट्ट धरली. तिला हसू आवरेना आणि डोळ्यांत पाणीही आलं. "आता काय करू, बाबा?"

बाबांनी एक डोळा उघडून खाली पाहिलं आणि पुन्हा मिटला.

"दवाखान्यात फोन लाव," ते म्हणाले. "आणि विचार, ते शिडीवरून न्यायला येतात का."