आत्याचा भाऊ कोण?

सुनेला नाती शिकवायला दोन दिवस पुष्कळ झाले, असं गोजरबाईंनी आळीत सगळ्यांना सांगून टाकलं होतं. त्यांच्या लेकाने, अजिनाथने, जर्मनीहून बायको करून आणलेली इवा वर्षभर मराठी शिकली होती. पण तिच्या भाषेत काका, मामा, मावशीचा नवरा सगळे एकाच शब्दात कोंबलेले! गोजरबाईंना त्या लोकांची कीवच आली.

खरी घाई वेगळीच होती. रविवारी त्यांचा एकुलता भाऊ आसाराम जामखेडहून जेवायला येणार होता, दोन वर्षांनी. आपली लेक अजिनाथला द्यायची, हे त्याने मनाशी पक्कं धरलं होतं. लेक आता कर्जतला सुखाने नांदत होती, पण बापाचा रुसवा काही घर सोडत नव्हता. तो याही वेळी उठून गेला तर आपलं माहेर संपलंच, या विचाराने गोजरबाईंना कणीक मळतानाही रडू येई. इवाला यातलं कुणी काही सांगितलं नव्हतं.

“आईची बहीण मावशी, तिचा नवरा काका. बापाचा भाऊबी काका, त्याची बायको काकू. आईचा भाऊ मामा, त्याची मामी. बापाची बहीण आत्या, तिचा नवरा मामा. अन् तू मला आत्या म्हनायचं, सासऱ्याला मामा.”

इवाने वहीतून मान वर केली. “पण तुम्ही माझ्या बाबांची बहीण नाही.”

“आगं, आपल्यात पूर्वीपासून मामाची लेक सून करून आनतात. मग सासू तिची आत्याच झाली की न्हाई?”

इवा बराच वेळ वहीत रेघा ओढत बसली. नवऱ्याचा मामा तो आपलाही मामाच, हे सांगायचं गोजरबाईंना सुचलंच नाही. ते काय सांगायचं असतं?

रविवारी आसाराम आला आणि खाटेच्या कडेला परक्यासारखा टेकला. इवा पाण्याचा तांब्या घेऊन पुढे गेली, वाकून पाया पडली.

“बाबा, पाणी घ्या.”

गोजरबाईंचे मालक बन्सी यांना ठसकाच लागला. गोजरबाई हातातलं लाटणं टाकून धावल्या. याने आपल्या लेकीसाठी धरलेली जागा हिने घेतली, आणि वर यालाच बाप म्हणते!

“मामा म्हन गं, मामा.”

“नाही, आत्या.” इवाने शांतपणे वही उघडली. “तुम्ही आत्या, म्हणजे बाबांची बहीण. हे तुमचे सख्खे भाऊ. दुसरा भाऊ नाही. मग हे माझे बाबा.”

आसारामने वही हातात घेतली. रेघांवरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा.

“ह्यात चूक कुटं हाय?” त्याने विचारलं. कुणालाच सापडेना. त्याने तांब्या तोंडाला लावला आणि डोळे पुसले. मग पाच पुरणपोळ्या खाल्ल्या.

निघताना तो उंबऱ्यात थांबला. “आक्का, माझी पोर परमुलखातनं आलीया. उनाचं रानात धाडू नको तिला. मी आठ दिसाला येऊन बघनार हाय.”

भाऊ परत मिळाला म्हणून गोजरबाई पदर तोंडाला लावून मनसोक्त रडल्या. मग खरकट्या भांड्यांकडे वळल्या, सुनेला हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. सुनेचं माहेर सात समुद्रांपलीकडे आहे, या भरवशावर त्या आजवर निर्धास्त होत्या. आता ते मोटारसायकलने वीस मिनिटांवर आलं होतं.