यौम म्हणजे किती?

यासीन सरांसमोर ‘दोन दिवसांत देतो’ असं म्हणायची जळकोटात कुणाची हिंमत नाही. मागं शिंप्यानं चुकून म्हटलं. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला अन् विचारलं, “दिवस कुठला? सूर्याचा, का तुमचा?” शिंपी बिचारा माप घेता घेता थांबला. “सर, शर्ट शिवायचाय ना?” वीज कार्यालयात तर त्यांनी साहेबांनाच सुनावलं, “आमच्या अर्जाला तुमचा एक दिवस लागतोय, म्हंजे हजार वर्सं समजू काय?”

आम्ही एकाच शाळेत होतो. ते विज्ञान शिकवायचे, मी मराठी. निवृत्त झालो तरी घरं समोरासमोरच. त्यांच्या घरात माणसं दोनच: ते अन् त्यांचे थोरले भाऊ, हाफिजसाब. दोघांच्या बायका वारलेल्या, लेकरं पुण्याला. हाफिज म्हणजे ज्याला अख्खं कुराण तोंडपाठ आहे तो. हाफिजसाब मशिदीत पोरांना कुराण शिकवत. सगळं गाव त्यांना मान देई. एकटे यासीन सर त्यांच्याशी रोज संध्याकाळी ओट्यावर बसून भांडत. तेही एकाच आयतीवरून, कुराणातल्या एकाच वचनावरून.

ती आयत मला ऐकून ऐकून पाठ झाली होती. अल्लाहनं आकाशं अन् जमीन सहा दिवसांत निर्माण केली. कुराणातल्या अनेक सूरहांत, म्हणजे अध्यायांत, हे आलंय. दिवसाला मूळ अरबी शब्द ‘यौम’, अनेकवचन ‘अय्याम’.

“भाईजान, सूर्यच न्हवता तवा दिवस मोजला कुणी?” सर सुरुवात करायचे. “दिवस म्हंजे जमिनीची गिरकी. जमीनच तयार होतीया, तर गिरकी कुठली?”

“दिस म्हंजे दिस,” हाफिजसाब म्हणायचे. “मोजणाऱ्याला सूर्य लागत न्हाय. त्यानं जो शब्द वापरला तो खरा. त्यात तुझं विज्ञान घालू नको.”

“मी कुठं घालतोय? सूरह हजमधीच हाय, तुमच्या रबजवळचा एक दिवस तुमच्या मोजणीच्या हजार वर्सांसारखा. मआरिजमधी तर पन्नास हजार वर्सांचा दिवस हाय. म्हंजे यौम हा काळाचा तुकडा झाला. केवढा, ते ज्याचा त्याला ठाऊक.”

“तिथं इषय येगळा, इथं येगळा.”

असं चालायचं. मी चहा पीत ऐकायचो. शेवटी हाफिजसाब हात झटकून उठायचे, “गाढवाला अरबी शिकवली, माझीच चूक!” अन् सर खूश होऊन झोपायला जायचे.

घोळ झाला तो एका लग्नात. जेवणाच्या पंगतीत सर रंगात येऊन म्हणाले, “ते सहा दिवस म्हंजे आपले सहा दिवस न्हाईत.” कुणीतरी तेवढंच मोबाईलवर घेतलं. पुढची हजची आयत, मआरिजची आयत, सगळं कापलेलं. दुसऱ्या दिवशी गावातल्या प्रत्येक मोबाईलवर सर म्हणत होते, सहा दिवस न्हाईत. खाली कुणीतरी लिहिलं होतं: मास्तर कुराण नाकारतो.

सरांकडं गणिताला येणारी पोरं यायची बंद झाली. हॉटेलात ते बसले की शेजारचं बाकडं रिकामं व्हायचं. एकदा तर सलामाला उत्तरच आलं नाही. ते हसून म्हणाले, “ऐकू गेलं नसंल.” पण घरी येईपर्यंत त्यांचा चेहरा पडला होता.

मग मशिदीतून निरोप आला: शुक्रवारी असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर बसायचं, अन् हाफिजसाबांनी सगळ्यांसमोर निवाडा द्यायचा. धाकटा चुकला की नाही.

“स्वामीसर, तुमी या,” सर मला म्हणाले. “आत न्हाई, अंगणात बसा. माझं जाऊ द्या, भाईजानकडं ध्यान ठेवा.”

मला हे चमत्कारिक वाटलं. आरोपी हे, अन् काळजी न्यायाधीशाची?

अंगण भरलेलं होतं. मी हातपाय धुण्याच्या नळांजवळ बसलो. मधोमध हाफिजसाब, समोर सर, मान खाली. रऊफ ठेकेदारानं सुरुवात केली. माणूस वाईट नाही, पण आवाज चढा.

“हाफिजसाब, तुमचा भाऊ हाय म्हणून गप बसू नका. दिवस म्हंजे दिवस हाय का न्हाय?”

हाफिजसाबांनी दाढीवरून हात फिरवला. “माझं मत इचारशील तर दिवस म्हंजे दिवस. पण जुन्या तफसीरीत, म्हंजे कुराणाचा अर्थ सांगणाऱ्या किताबांत, दोन्ही लिवलंय. काई बुजुर्ग म्हणतात आपल्यासारखे दिवस. काई म्हणतात, एकेक दिवस हजार वर्सांचा. अल्लाहनं नुसतं ‘हो जा’ म्हटलं असतं तर एका क्षणात झालं असतं. सहा यौम लावले, ते बंद्यांनी धीर शिकावा म्हणून, असंबी लिवलंय. अन् थकवा त्याला शिवला न्हाय, हे तर आयतच सांगती. यासीन अर्थाबद्दल भांडतो. आयत तो नाकारत न्हाय.”

अंगणानं श्वास सोडला. पण रऊफ बसला नाही.

“मग एक सांगा. पोरं मोबाईलवर बघून मला इचारत्यात. हा-मीम सजदा सूरहमधी जमीन दोन दिवसांत, मग डोंगर अन् अन्न चार दिवसांत, मग सात आकाशं दोन दिवसांत. आठ झाले. सहा कसे?”

हाफिजसाब हसले. हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर पोरांना सोडवून दिला होता. त्यांनी डोळे मिटले अन् आयत म्हणायला घेतली. आवाज अजून गोड. जमिनीचे दोन दिवस, ‘यौमैन’, तिथपर्यंत आले. पुढं डोंगर, मग अन्न, इथपर्यंत आले. अन् थांबले.

पुन्हा मागून घेतलं. पुन्हा तिथंच थांबले.

ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. ज्याला अख्खं कुराण पाठ, तो भर मशिदीत अडला होता. मागचे लोक एकमेकांकडं बघू लागले.

“फी अरबअति अय्याम,” सर हळूच म्हणाले. मान खालीच.

नमाजात इमाम अडला तर मागच्यानं शब्द पुरवायचा असतो. त्याला लुकमा म्हणतात, म्हणजे घास. तसा तो घास होता. हाफिजसाबांनी तो घेतला अन् आयत पुरी केली. पण डोळे उघडले तेव्हा त्यांत प्रश्नच राहिला नव्हता. कशासाठी म्हणत होतो, तेच त्यांना आठवत नव्हतं.

सर चटकन उभे राहिले. “हे भाईजाननी मला ल्हानपणीच शिकवलंय. सांगू का, भाईजान?”

म्हाताऱ्यानं मान हलवली.

“चार दिवस येगळे न्हाईत. पयले दोन त्याच चारांत धरलेत. कुणी म्हटलं, तुळजापूरहून निघालो, तासात नळदुर्ग अन् दोन तासांत उमरगा, तर तीन तास झाले का? दोनच. नळदुर्गचा तास उमरग्याच्या दोनांत आला. तसं जमिनीचं सगळं मिळून चार, अन् आकाशाचे दोन. सहा. दिवस केवढा, ह्यावर आमचं दोघांचं भांडण हाय. हिशोबावर न्हाय.”

कुणीतरी हसलं. रऊफनं हाफिजसाबांकडं नीट बघितलं. त्याला कळलं होतं, असं मला वाटतं. पण तो एवढंच म्हणाला, “हाफिजसाबांनी फोड करून दिली. माझ्याकडून इषय संपला. ज्यानं ते मोबाईलवर टाकलं, त्यानं आजच काढावं.” अन् वाकून त्यानं म्हाताऱ्याला हात देऊन उठवलं.

आम्ही तिघं घराकडं निघालो. सरांनी भावाचा कोपर धरला होता. आमच्या गल्लीचं वळण आलं अन् हाफिजसाब सरळ चालू लागले, हायवेच्या दिशेनं. सरांनी अलगद त्यांना वळवलं.

त्यांना खाटेवर टेकवून सर ओट्यावर आले.

“कधीपासून?” मी विचारलं.

“लई दिस झाले. आधी नावं गेली, मग रस्ते. आयती तेवढ्या टिकून हाईत. म्हणून रोज भांडण उकरून काढतो. चिडले की झरझर येतंय सगळं, सूरह, आयत, मला शिव्यासुद्धा.” ते थोडं हसले. “पुण्याची पोरं म्हणत्यात, डॉक्टरला दाखवा. दाखवलं. गोळ्या चालू हाईत.”

आतून हाफिजसाबांच्या खोकल्याचा आवाज आला. सर कान देऊन थांबले, मग खाली बसले.

“मी ल्हान होतो तवापास्नं हा माणूस मला चूक म्हणत आलाय, स्वामीसर,” ते म्हणाले. “उद्या ह्यानं तेबी सोडलं, तर ह्या घरात मी एकटाच बरोबर राहणार. ते कसं सोसायचं, तेवढं सांगा.”

मी ओट्यावर त्यांच्या शेजारी सरकून बसलो.