एझ्राकाकांची सुटलेली गाडी

सोसायटीच्या मीटिंगला दोन मिनिटं उशीर झाला, की एझ्राकाका दारातच ऐकवतात, "गाडी सुटली!" पुतणीच्या लग्नात नवरदेवालाही त्यांनी हेच ऐकवलं होतं. काका सिटी बसचे कंट्रोलर होते. धावत आलेल्या प्रवाशासाठी एकदाही बस थांबवली नाही, हे ते अजून अभिमानाने सांगतात.

आमचे दरवाजे समोरासमोर. काकू गेल्या, त्यानंतरच्या शुक्रवारी काका आले आणि म्हणाले, "सात वाजता या. तुम्हाला एकच शब्द बोलायचाय." तो शब्द म्हणजे 'आमेन'. मलाच का, ते मी विचारलं नाही. काकांना प्रश्न विचारायला धाडस लागतं.

तेव्हापासून दर शुक्रवारी सूर्यास्ताआधी दिवे लागतात, काकांचा फोन कपाटात जातो. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस, सुरू झाला की फोन शनिवारी रात्रीपर्यंत बंद. टेबलावर मनुका भिजवून, कुस्करून, गाळलेलं सरबत असतं आणि भरतकामाच्या रुमालाखाली दोन अख्खे पाव. काकांच्या पूर्वजांना रानात शुक्रवारी दुप्पट मन्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेलं अन्न, मिळायचा, म्हणून दोन.

"का झाकलेत?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"आधी मान सरबताचा. पावाला वाईट वाटू नये."

अख्ख्या सोसायटीला वाईट वाटेल असं बोलणारा हा माणूस!

मग पेला उचलून ते म्हणतात, "बारूख अत्ता अदोनाय, एलोहेनू मेलेख हाओलाम, बोरे प्री हगाफेन." आमच्या देवा परमेश्वरा, विश्वाच्या राजा, द्राक्षवेलीचं फळ निर्माण करणाऱ्या, तू धन्य आहेस. मी म्हणते, आमेन. मग शब्बाथच्या पावित्र्याची लांब प्रार्थना, पुन्हा आमेन, आणि दोघांनी घोट घ्यायचा. हात धुतले की काका मुके होतात. मीठ हवं असेल तर नुसती बोटं नाचवतात. रुमाल काढून, दोन्ही पाव उचलून, "...हामोत्झी लेखेम मिन हाआरेत्झ." भूमीतून भाकर काढणारा. आमेन. पाव मोडून, मिठात बुडवून पहिला घास पोटात गेला की तोंड उघडतं, बहुतेक माझ्या चुका काढायला.

गेल्या शुक्रवारी खराडीहून कोथरूडला पोचायला मला साडेआठ झाले. कळवणार कसं? फोन कपाटात! बोलणी खायच्या तयारीने मी जिना चढले. त्यांचं दार सताड उघडं होतं. सरबताचा पेला भरलेला, पाव झाकलेले आणि काका ताठ बसलेले. किद्दूश, म्हणजे ही पेल्यावरची प्रार्थना, झाल्याशिवाय ते पाण्याचा थेंबही घेत नाहीत.

"अहो काका, म्हणून टाकायचं ना!"

"म्हणता येतं. पण आपल्याच आशीर्वादाला आपण आमेन म्हणायचं नसतं." ते रुमालावरच्या टाक्यांवरून बोट फिरवत राहिले. टाके काकूंचे होते. "ती बेचाळीस वर्षं म्हणायची."

 काहीतरी बोलायला हवं, म्हणून मी पुटपुटले, "म्हणजे... गाडी सुटली नाही?"

काकांनी पेला उचलला.

"थांबवली होती. चढा."