ज्याचा जो असेल त्याले

"प्रार्थना ना? ते मायावर सोडा सर. एका मिनिटात अशी प्रार्थना घेतो का पुऱ्या मैदानाचे डोळे पाणावले पाहिजेत."

हिंगणीच्या कबड्डी संघाचा कर्णधार रत्नदीप प्रशिक्षक सदाशिवरावांना हे बोलला आणि तिथेच घोटाळ्याचा नारळ फुटला. चढाईत त्याचा दम कधी तुटत नसे, तसा बोलण्यातही तुटत नसे. आंजीच्या स्पर्धेत अशी रीत की अंतिम सामन्याआधी दोन्ही कर्णधारांच्या हातात माईक द्यायचा आणि प्रत्येकाने मिनिटभर काहीतरी चांगलं बोलायचं. बहुतेक कर्णधार 'जय महाराष्ट्र' म्हणून माईक परत देतात. पण रत्नदीपला यंदा प्रार्थनाच हवी होती, आणि तीही सगळ्यांची.

त्याला कारण होतं. गेल्या वर्षी याच मैदानावर अंतिम सामन्याआधी संघातल्या शुभमने जोशात येऊन आपल्या देवाचा जयघोष सुरू केला. अर्धा संघ त्यात सामील झाला. जुनेद कोपऱ्यात बुटाची नाडी बांधत बसला, कबड्डी अनवाणी खेळत असतानाही! विल्सन आभाळाकडे पाहत राहिला. मग शुभम जुनेदला काहीतरी लागट बोलला आणि शेवटच्या पकडीत दोघांनी एकमेकांचा हात असा धरला, जसं कोणी परक्याचं ओलं फडकं धरावं. साखळी तुटली, चढाई करणारा त्यांच्या मधून निघून गेला आणि करंडक कारंज्याच्या संघाला गेला. त्यानंतर जुनेद मैदानावर यायचाच बंद झाला. रत्नदीपने त्याच्या घरी खेटे घालून त्याला परत आणलं, ते एका शब्दावर: "यंदा कोणी बाजूले उभा राहणार नाई."

"अन् राह्यलो तर?" जुनेदने विचारलं होतं.

"तर मी कप्तानी सोडतो."

रत्नदीपला जुनेद भावासारखा होता. करंडक गेला तर चालेल, पण हा गेला तर संघात राम उरणार नाही, हे त्याला मनापासून वाटत होतं. म्हणून त्याने प्रार्थना मनावर घेतली. मनावर घेतली, इथपर्यंत ठीक होतं. पण त्याने सल्लाही घेतला.

पहिला सल्ला घरातूनच आला. त्याची आई सुलोचनाबाई भाकरी थापत म्हणाली, "बाबू, आपल्यात मागायला वर कोणी बसला नसते. आपण मैत्रीची भावना करतो, सगळे जीव सुखी होवोत म्हणून. वंदना घेजो, अन् मग पंचशील. पाचही घेजो, अर्धे सोडू नको."

शुभमची आजी कुंताबाई म्हणाली, "मारुतीचं नाव पह्यले घे. पण मातामायले विसरशील तर ते रागावते. तिच्या रागाचं मी काई सांगू शकत नाई."

विल्सनच्या वडिलांनी समजावलं, की आम्ही प्रभू येशूच्या नावाने मागतो, आणि शेवटी आमेन म्हटल्याशिवाय मागणं पुरं होत नाही. जुनेदचे चाचा सगळ्यांत अदबीने बोलले. "बेटा, दुआ करायची तर आमी हात उघडे धरतो. पण दुसऱ्या कोणाचं नाव घेऊन मागणं आमाले जमत नाई. जुनेद तेवढा वेळ चूप राहील. तू वाईट वाटून घेजो नको."

रत्नदीपला वाईट वाटलं नाही. त्याला वाटलं, प्रत्येकाच्या वेगळ्या ओळी घातल्या की काम फत्ते. उरला प्रफुल. प्रफुल संघातला सगळ्यांत उंच गडी आणि कशालाच न मानणारा.

"मायासाठी काई टाकू नको," प्रफुल म्हणाला. "मी हात जोडत नाई."

"मग तुयासाठी विज्ञानाची एक ओळ टाकतो."

"विज्ञानाची प्रार्थना? तू डोक्यावर पडला काय बे?"

पण रत्नदीपने ती टाकलीच.

अंतिम सामन्याच्या सकाळी संघ 'छोटा हत्ती' टेम्पोत मागे उभा राहिला आणि पुढे प्रशिक्षक सदाशिवराव बसले. गाडी हिंगणीहून सुटताच रत्नदीपने तालीम सुरू केली. मारुती झाला, मातामाय झाली, गाडीने दोन फाटे ओलांडले. वंदना झाली, पंचशीलातलं तिसरं शील चालू असताना सेलू आलं. सेलू मागे पडलं तरी अजून प्रभू येशू यायचे होते. सदाशिवरावांनी खिडकीतून मान बाहेर काढून विचारलं, "अबे, प्रार्थना करून राह्यला का ग्रामसभेचा अहवाल वाचून राह्यला?"

लांबी हा त्यातला धाकटा रोग होता. थोरला रोग असा की दुसऱ्याची ओळ आली की बाकीचे शेतं मोजायला लागत. आणि आपली ओळ आली की ती कशी झाली, किती झाली, यावर कान ठेवत.

"जुनेदले दोन ओळी, अन् आमच्या मारुतीले एक?" शुभम म्हणाला.

"तुया मातामायची धर ना," विल्सन म्हणाला. "आमचं तर पार शेवटी आहे. तोवर सामना संपते."

"माया दोनही काढून टाक," जुनेद म्हणाला. "मले नाईच म्हणता येत हे सगळं संगं. मी आपला बाजूले उभा राहतो."

बाजूला उभा राहतो! ज्या एका गोष्टीसाठी रत्नदीपने एवढा उपद्व्याप केला, तीच नेमकी त्याने स्वतःच्या हातांनी घडवून आणली होती. वर्ध्यापासून पुढे सगळे आपापल्या बाजूची शेतं मोजत बसले. आंजी येईपर्यंत हिंगणीचा संघ असा दिसत होता, जणू सातही जण वेगवेगळ्या गावांना वेगवेगळ्या मयतीला निघाले आहेत.

मैदानावर माणूस मावत नव्हता. नाणेफेक झाली, दोन्ही संघ ओळीत उभे राहिले. कारंज्याचा कर्णधार रुपेश याने 'जय महाराष्ट्र' म्हणून माईक रत्नदीपकडे दिला. रत्नदीपने बाजूला पाहिलं. जुनेद ओळीतून अर्धा पाऊल मागे सरकला होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ओशाळलेपण होतं, आणि ते रागापेक्षा वाईट.

तेव्हा रत्नदीपच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चार घरचा सल्ला त्याने घेतला होता आणि चारही घरच्यांनी नावं वेगवेगळी सांगितली होती. पण तो चपला घालताना प्रत्येक दारातून मागून एकच आवाज आला होता: हातपाय शाबूत घेऊन या रे पोरांनो. नावांत भांडण होतं. मागण्यात नव्हतं! त्याने सगळी तालीम मनातल्या मनात बोर धरणात बुडवली.

"कोणी हात जोडा, कोणी उघडे धरा, कोणी तसेच खाली ठेवा," तो माईकवर म्हणाला. "ज्याले नुसतं उभं राहायचं त्यानं नुसतं उभं राहा. पण उभे जवळ राहा. मी कोणाचं नाव घेत नाई. ज्याचा जो असेल त्याले, अन् ज्याचा कोणी नसेल त्यानं आपल्या मनाले सांगा. आज इथं कोणाचं हाड मोडू नये. आमचं नाई, अन् कारंज्याच्या पोरांचंही नाई. जेवढी ताकद आहे तेवढी लावता यावी. बेइमानी करायची बुद्धी होऊ नये. जिंकलो तर डोकं जागेवर राहावं, हरलो तर एकमेकांवर खापर फोडू नये. ज्यायनं हे मैदान आखलं अन् ज्यायनं आमाले खेळायले पाठवलं, त्यायचे उपकार मानतो. आता जरा चूप राहू, अन् ज्याले जे म्हणायचं ते मनात म्हणू."

जुनेद अर्धा पाऊल पुढे आला. त्याने हात उघडे धरले. विल्सनने मान खाली घातली, शुभमने हात जोडले, प्रफुलने हात मागे बांधले आणि डोळे उघडे ठेवले. रुपेशचा संघही मान खाली घालून उभा राहिला. चणे-फुटाणेवाला हातातली पुडी अर्धवट दुमडून थांबला. जमलं होतं.

आणि मग रत्नदीपला आठवलं की प्रार्थना संपवायची कशी, हे ठरलंच नव्हतं.

आमेन म्हणावं तर ते विल्सनचं. आमीन जुनेदचं. साधु साधु म्हणावं तर ते त्याचं स्वतःचं, आणि जयघोषाने तर गेल्या वर्षी वाटोळंच केलं होतं. डोक्यात येणारा प्रत्येक शब्द कोणाच्या ना कोणाच्या घरचा निघे! रत्नदीप घामाघूम झाला. मैदान शांत. पंचांच्या तोंडात शिट्टी होती, पण प्रार्थनेत शिट्टी मारायचं पाप कोण घेणार? सदाशिवरावांनी एक डोळा किलकिला केला, बाकी सगळे मिटलेले पाहून घाईने पुन्हा मिटला. पहिल्या रांगेतले एक आजोबा उभ्याउभ्या पेंगायला लागले. कोणीतरी हुंदका दिला. आपण बहुतेक कोणाला तरी श्रद्धांजली वाहतो आहोत, अशी बातमी मागच्या रांगांत पसरली आणि तिथल्या लोकांनी टोप्या काढल्या.

हे सगळं उघड्या डोळ्यांनी पाहणारा आख्ख्या मैदानात एकच माणूस होता. प्रफुलला ते सहन होईना.

"चला," तो म्हणाला.

शब्द कोणाच्याच घरचा नव्हता, म्हणून सगळ्यांचा झाला. "चला," जुनेद म्हणाला. "चला," शुभम आणि विल्सन म्हणाले. रुपेशचा संघ म्हणाला, मग मैदान म्हणालं, आणि पंचांनी सुटका झाल्यासारखी शिट्टी फुंकली.

सामना कसा झाला ते काय सांगावं! गुण एकमेकांच्या मागे धावत होते. शेवटची चढाई राहिली तेव्हा हिंगणीकडे एका गुणाची आघाडी होती आणि मैदानात चारच गडी होते: जुनेद, शुभम, विल्सन आणि प्रफुल. रत्नदीप बाद होऊन बाहेर बसलेला. त्याला नखं खाण्यापलीकडे काही करता येत नव्हतं.

रुपेश 'कबड्डी कबड्डी' करत आत शिरला. त्याने विल्सनला हूल दिली, प्रफुलवर लाथ फेकली आणि विजेसारखा वळून विल्सनच्या खांद्याला हात लावून गेला. तो मध्यरेषेला पोचला असता तर बरोबरी होती. त्याच्या वाटेत जुनेद आणि शुभम होते. दोघांनी एकमेकांचं मनगट धरलं. या वेळी ओलं फडकं नव्हतं. रुपेशने दोघांच्या मधोमध मुसंडी मारली. साखळी ताणली, वाकली, घसरली, पण तुटली नाही. विल्सन रुपेशच्या कमरेवर पडला, प्रफुल त्या सगळ्यांवर पडला आणि ढिगाखालून रुपेशचा दम सुटलेला ऐकू आला. मध्यरेषा त्याच्या बोटांपासून वीतभर राहिली.

हिंगणी जिंकली! शुभमने जुनेदला खांद्यावर घेतलं. जुनेद वरून ओरडत होता आणि रडत होता. "गेल्या वर्षीचं मनातून काढ यार," शुभम खालून म्हणाला, आणि जुनेद म्हणाला, "कवाच काढलं बे." रुपेश उठला, कपडे झटकले, हाडं तपासली आणि म्हणाला, "प्रार्थना लागू पडली. सगळी शाबूत हायत." त्याच्याशी हात मिळवताना रत्नदीपलाही रडू आवरेना. आयुष्यात इतकं भरून त्याला कधीच आलं नव्हतं.

आता इथे थांबला असता तर तो रत्नदीप कसला? करंडक घेतल्यावर त्याने माईक मागून घेतला.

"आजच्या या प्रार्थनेमागं," तो म्हणाला, "माई एक संकल्पना होती. ते मले कशी सुचली, ते मी आता थोडक्यात सांगतो. सुरुवात हिंगणीपासून करू. पह्यले तर मी कुंताबाईच्या घरी गेलतो..."

तो श्वास घ्यायला थांबला. शुभमच्या खांद्यावर बसलेल्या जुनेदने दोन्ही हात आभाळाकडे उघडले.

"चला," तो म्हणाला.

"चला," आख्खं मैदान म्हणालं, आणि टोप्या घालून, सतरंज्या झटकून घरी गेलं.