केतकीचा परत आलेला तास

"…तिसऱ्या मजल्यावरच्या केतकीचा तास परत आलाय म्हणे, आणि त्यामुळे शुक्रवारी तिची नोकरी—"

एवढंच माझ्या कानावर पडलं आणि लिफ्टचं दार लागलं. बोलणाऱ्या दोघी वर निघून गेल्या. उरलेलं वाक्य गाठायला मी भाजीची पिशवी घेऊन जिन्याने चौथ्या मजल्यापर्यंत चढले, पण तोवर त्या गवारीच्या शेंगांवर आल्या होत्या.

तास परत आला होता, हे खरंच होतं. सोसायटीच्या ऑफिसात टेबलावर ठेवला होता. मिठाईच्या दोन किलोच्या खोक्याएवढं तपकिरी खोकं, वजनाला साधारण दीड किलो रव्याइतकं. वर चिठ्ठी डकवलेली. आमचे सेक्रेटरी पारनेरकर यांनी ती मला वाचून दाखवली. गुरुवार, दुपारी तीन ते चार. पाठवणार केतकी दुसाने. घेणाऱ्यांना अर्थ लागला नाही, सबब परत.

केतकी घरूनच परदेशातल्या एका पवनचक्क्यांच्या कंपनीचं काम करते. मी दहावी शिकलेली, मला त्यातलं फार कळत नाही. पण शेजार म्हणून माहिती ठेवावी लागते. त्या कंपनीची पद्धत अशी, की आपल्या माणसाचा जो शब्द त्यांना कळत नाही तो ते परत पाठवतात. पहिल्या सहा महिन्यांत तीन परती माफ. चौथी आली की माणूस बंद.

केतकीच्या तीन झालेल्या होत्या. पहिल्यांदा तिने लिहिलं, आय हॅव अ डाउट. आपण वर्गात हात वर करून शंका विचारतो, तसं तिला म्हणायचं होतं. तिकडे त्यांना वाटलं, ही आपल्यावर अविश्वास दाखवते आहे. मग साहेबांना तिने कळवलं, की मी दोन दिवस आउट ऑफ स्टेशन आहे. त्यांनी दोन दिवस जवळपासची रेल्वे स्टेशनं शोधली. तिसऱ्या वेळी, काम टुडे ओन्ली देते, म्हणजे आजच देते, असं लिहिलं. आजच्यातला आपला 'च' तिने इंग्रजीत नेऊन ठेवला होता. ते म्हणाले, उद्या का नाही देणार? ती तिन्ही पाकिटं हलकी होती. पत्रपेटीत मावली.

तासाचं पहिल्यांदाच झालं. मागच्या गुरुवारची चारची मीटिंग तिने तीनला घेतली आणि सगळ्यांना कळवलं, मीटिंग प्रीपोन केली आहे. त्यांना वाटलं पोस्टपोनच लिहायचं असेल, बोट चुकलं असेल. ते पाचला आले. तीन ते चार हा तास केतकीने पाठवला आणि तिकडे कुणी घेतलाच नाही. मग तो परत येणार नाही तर काय होणार?

"काकू, शुक्रवारी त्यांची बाई तपासणार आहे," केतकी मला म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. "तास न वापरलेला निघाला तर ते परत घेतील आणि ही चौथी परत धरणार नाहीत. वापरलेला निघाला तर संपलं. तुम्ही कुणाला हात लावू देऊ नका हं."

"मी कशाला लावू देते," मी म्हटलं.

आता हे सांगायला मला संकोच वाटतो, पण खोक्याची चिकटपट्टी एका बाजूने सुटत आली होती. ती नीट बसवावी म्हणून मी बुधवारी ऑफिसात गेले. बसवण्याआधी आत काय आहे ते पाहिलं.

बाहेर सकाळचे अकरा वाजले होते. ऑफिसात तीन वाजले. भिंतीवरचं घड्याळ सरळ तीनवर आलं. ऊन फरशीवर तिरकं पडलं. लांब कुठेतरी पिंजाऱ्याची तार वाजत होती, आणि सगळ्या इमारतीने जेवून भांडी पालथी घातली असावीत अशी शांतता पसरली. मी खुर्चीवर टेकले. चारला झाकण लावून बाहेर आले तर अकराच वाजले होते. पुन्हा जाऊन उघडलं, तर पुन्हा बरोबर तीन.

मी ही गोष्ट फक्त पारनेरकरांना सांगितली. त्यांनी फक्त बायकोला सांगितली. संध्याकाळपर्यंत आम्ही आळीपाळीने तासात बसत होतो. कुणी दाणे आणले, कुणी नेलपॉलिश खरवडत बसलं. पारनेरकरांनी तर मागच्या वर्षीच्या कॅलेंडरातल्या सुट्ट्या मोजल्या. दर वेळी झाकण लावून उघडलं की तीन वाजलेलेच. तास एका मिनिटानेही कमी होत नव्हता, तेव्हा आम्हाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

गुरुवारी सकाळी केतकीचे वडील भाऊसाहेब जिन्यात भेटले. एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होते, आता रिटायर आहेत. बायको जाऊन चार वर्षं झाली. बोलणं म्हणाल तर 'बरंय' आणि 'चाललंय', एवढंच. मी म्हटलं, "भाऊसाहेब, चला, जरा टाइमपास करू."

"चला," ते म्हणाले.

ऑफिसात तास उघडून आम्ही दाणे सोलत बसलो. थोड्या वेळाने ते म्हणाले, "वहिनी, ही डबा घेऊन स्टँडवर यायची ती याच वेळेला. तीनला. चारपर्यंत बाकावर बसायची. बोलायची नाही. मी गाड्या पुकारायचो आणि ही दाणे सोलून माझ्या टेबलावर ठेवायची. मी कधी म्हटलं नाही, की बस, बरं वाटतं."

मी गप्प राहिले. मला ते जमतं असं नाही, पण राहिले. मग त्यांनी तिच्या आजारपणाचं सांगितलं, आणि शेवटच्या दिवशी तिने मागितलेल्या ताकाचं. ते आणायला भाऊसाहेब गेले होते, तेवढ्यात ती गेली. सांगून झाल्यावर त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि आम्ही पुन्हा दाण्यांना लागलो.

दुपारी मी झाकण उघडून पाहिलं, तर घड्याळात तीन वाजून अकरा मिनिटं झाली होती. लावलं, उघडलं. तीन अकरा. पारनेरकरांना बोलावलं. त्यांनी उघडलं. तीन अकरा.

"बिडवेवहिनी," ते हळूच म्हणाले, "तुम्ही यात नेमकं केलंत काय?"

शुक्रवारी तपासणी झाली ती केतकीच्या लॅपटॉपवर. त्या बाईंचं नाव लोटे. आधी मला वाटलं आपल्याकडचंच आडनाव, पण ते पहिलं नाव होतं. गोरी, सडपातळ, समोर फॉर्म घेतलेला. ऑफिसात केतकी, मी, पारनेरकर आणि दाराशी भाऊसाहेब. केतकी तिचं आम्हाला आणि आमचं तिला सांगत होती.

पहिला प्रश्न शब्दाचा. प्रीपोन का लिहिलं? मीटिंग पुढे घेतली, मूव्ह्ड फॉरवर्ड, असं आमच्या इंग्रजीत का नाही लिहिलं?

"मार्चमध्ये तसंच लिहिलं होतं," केतकी म्हणाली. "तुमचे निम्मे लोक तासभर आधी आले आणि निम्मे तासभर उशिरा. तुमच्याकडे पुढे म्हणजे कुठे, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. पोस्टपोन म्हणजे नंतर, प्रीपोन म्हणजे आधी. आमच्याकडे शाळेतली पोरंसुद्धा चुकत नाहीत."

लोटेबाईंनी जुनी नोंद काढून पाहिली. मार्चमध्ये त्या स्वतः उशिरा आलेल्यांत होत्या. त्यांनी काही लिहून घेतलं. मग म्हणाल्या, तास उघडा.

पारनेरकरांनी उघडला. तीन अकरा. फरशीवर शेंगदाण्याची टरफलं. ती झाडायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

केतकीने माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"हा तास वापरला गेलेला आहे," लोटेबाई म्हणाल्या.

"नाही हो बाई," मी म्हटलं. "आम्ही फक्त टाइमपास केला."

केतकीने तो शब्द होता तसाच पुढे दिला. लोटेबाईंनी फॉर्म उलटून पाहिला आणि विचारलं, "टाइमपास म्हणजे विश्रांती का?"

"नाही. विश्रांती घेतली की माणूस ताजातवाना होतो. टाइमपासने काही होत नाही."

"म्हणजे करमणूक."

"करमणुकीत लक्ष लागतं. यात लागलं तर तो टाइमपास राहिला नाही."

"छंद?"

"छंद कुणी मोडला तर राग येतो. टाइमपास करताना कुणी हाक मारली तर माणूस सरळ उठून जातो."

"मग कंटाळा."

"कंटाळा येऊ नये म्हणून तर करायचा," मी म्हटलं. "हे बघा, तुम्ही स्टँडवर गेलात. गाडी आलेली नाही. दाणेवाला ओरडतो, टाइमपास, टाइमपास. तुम्ही पुडी घेता, खाता. तुम्ही स्टँडवर दाणे खायला गेला होता का?"

"नाही. गाडीसाठी."

"गाडी आली?"

"नाही."

"मग तुमचा तास कशासाठी वापरला गेला?"

लोटेबाईंनी पेन फॉर्मवर टेकवलं. त्यांच्यामागे खिडकीत पवनचक्कीचं एक पातं वर आलं आणि खाली गेलं.

"कशासाठीच नाही," त्या म्हणाल्या आणि तसं लिहिलं. मग त्यांनी घड्याळाकडे बोट केलं. "पण अकरा मिनिटं कमी आहेत."

इथे मी खोटं बोलू शकले असते. घड्याळ बिघडलंय म्हटलं असतं तर पारनेरकरांनी मान हलवली असती. केतकी माझ्याकडे बघत होती. दाराशी भाऊसाहेब उपरण्याच्या दशा चाळत उभे होते. ते बोलले होते ते काहीच नव्हतं, असं त्यांच्यासमोर मला म्हणवेना.

"ती टाइमपासची नाहीत," मी म्हटलं. "ती वापरली."

"कुणी?"

"मी," भाऊसाहेब म्हणाले. "केतकी, सांग त्यांना. मी तुझ्या आईबद्दल बोललो."

केतकीने ते लगेच सांगितलं नाही. आधी ती वडिलांना म्हणाली, "कुणाशी?"

"बिडवेवहिनींशी."

"माझ्याशी नाही बोललात कधी."

"तू मीटिंगमध्ये असतेस गं," ते म्हणाले.

मग तिने सांगितलं. लोटेबाईंनी विचारलं, यासाठी तुमच्याकडे शब्द कोणता? आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी म्हटलं, शब्द नाही. त्यांनी तो रकाना मोकळा सोडला आणि आपण निकाल लेखी कळवू, असं सांगून त्या गेल्या.

निकाल सोमवारी आला. टाइमपास हा वापर धरला जात नाही. एकोणपन्नास मिनिटं न वापरलेली म्हणून परत घेतली आहेत. अकरा मिनिटं पाठवणाऱ्याच्या गावी खर्ची पडली, ती वजा. चौथी परत धरलेली नाही. प्रीपोन हा शब्द अर्थाच्या चिठ्ठीसह चालेल. चिठ्ठीवर स्थानिक जाणकार म्हणून माझी सही लागते, ती मी दर महिन्याला करते.

कुरिअरवाला खोकं घेऊन गेला. वजनाला ते पूर्वीपेक्षा हलकं होतं. केतकीची गुरुवारची तीनची मीटिंग आता तीन अकराला सुरू होते, कारण तिकडे एकोणपन्नासच मिनिटं पोचलेली आहेत. तीन वाजले की ती लॅपटॉप उघडून ठेवते आणि वडिलांजवळ येऊन बसते. दोघं बोलतात की नाही, ते मला कळत नाही. त्यांची खिडकी बंद असते आणि जिन्यातून काही ऐकू येत नाही.

इमारतीत अजून कुणी ना कुणी मला विचारतं, केतकीचा तास परत आला आणि तिची नोकरी गेली, हे खरं का? मी सांगते, तास आला होता. नोकरी आहे.